टिक, फुली आणि मधे हरवलेलं बोट

मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तुम्ही नुकत्याच घ्यायला लागला असाल तर सूचना कशा द्यायच्या, गुण कसे मोजायचे हे तुम्हाला येतच असणार. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

चौथीतली मुलगी, वय नऊ. शाळेची तक्रार, 'मागे पडते.' दुपारी अडीचला शाळेतून थेट माझ्यासमोर. रंगीत मॅट्रिसेस (सीपीएम) काढली. छत्तीस चित्रं, प्रत्येकाखाली सहा तुकडे, योग्य तुकड्यावर बोट ठेवायचं. पान उलटायच्या आत तिचं बोट टेकलेलं असायचं. पाच मिनिटांत खेळ खलास! छत्तीसपैकी तेरा. मी तक्ता पाहिला, गुण फारच कमी दिसले, आणि अहवालात 'सहकार्य चांगले' लिहून मोकळी झाले. हे वाक्य आपण सगळेच मागच्या अहवालातून उचलतो. माझं स्पष्ट मत आहे, ते वाक्य संगणकातून कायमचं पुसून टाका.

माझं काम तपासणाऱ्या मॅडमनी कागद हातात घेतला आणि तेराकडे बघितलंच नाही. संचवार गुण बघितले: ए मध्ये चार, एबी मध्ये तीन, बी मध्ये सहा. ए सगळ्यात सोपा, बी सगळ्यात अवघड. खरोखर न जमणारं मूल सोप्यात तरतं आणि अवघडात बुडतं. इथे उलटं झालं होतं. एकूण गुण अमुक असतील तर कोणत्या संचात साधारण किती यायला हवेत, याचा तक्ता मॅन्युअलमध्येच असतो. एखाद्या संचात दोनपेक्षा जास्त फरक पडला तर एकूण गुणांवर विसंबायचं नाही. मी तो तक्ता परीक्षेसाठी पाठ केला होता! नुसत्या अंदाजाने सहाच्या आसपास येतात, तेरा त्याहून बरेच जास्त, म्हणून मला संशयही आला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "चुकली तिथे बोट कुठे ठेवलं होतं?"

मला सांगता येईना. माझ्या कागदावर नुसत्या टिका आणि फुल्या. हाच तो सापळा, म्हणून पुन्हा सांगते: बरोबर-चूक लिहू नका, मुलाने निवडलेला आकडा लिहा. शेजारी वेळ टाका, निदान 'लगेच' किंवा 'विचार करून' एवढं तरी. सलग आठ वेळा खालचा उजवा कोपराच असेल तर मूल चित्र बघतच नाहीये. पण चुकीची निवड उत्तराच्या जवळपासची असेल, तर ते प्रयत्न करतंय आणि तिथे अडतंय. फुली दोन्हीकडे सारखीच दिसते. आणि एकदा मूल घरी गेलं की ही माहिती कुठूनही परत मिळत नाही.

घाई कुठे सुरू झाली हेही टिपा. पहिल्या चित्रापासून घाई असेल तर मन बाहेर आहे. मधेच, दोन-तीन चुकांनंतर सुरू झाली, तर अवघड जातंय म्हणून मूल पळ काढतंय. त्याला 'प्रयत्न केला नाही' म्हणणं अन्याय आहे.

नशीब, त्याच बैठकीत अंकांची मालिकाही घेतली होती. सरळ सहा, उलट चार, दोन्ही दोन्ही वेळा बरोबर. तुकड्यावर बोट अंदाजाने पडू शकतं, पण चार अंक उलटे म्हणणं अंदाजाने जमत नाही. घाईतले कमी गुण संशयास्पद असतात; घाईत मिळालेलं असं यश मात्र खरं धरायला हरकत नाही. सामाजिक परिपक्वतेच्या मापनात (नागपूरला मॅलिन यांनी रूपांतर केलेलं) आईने सांगितलं की ती दुकानातून सामान आणते, सुटे मोजून घेते. तेरा गुण या दोन्हींशी जुळेनात.

टॉमसारखी प्रयत्न तपासणारी चाचणी हाताशी असेल तर जरूर घ्या. पन्नास चित्रं, दोनांतून एक ओळखायचं, दुसऱ्या फेरीत पंचेचाळीसच्या खाली गेलं तर बाकीच्या गुणांकडे संशयाने बघायचं. शाळकरी मुलं बहुतेक पार करतात. पण नापास झालं तर का झालं, हे ती सांगत नाही.

आम्हाला कारण आईकडूनच कळलं. बाहेर बसवताना ती म्हणाली होती, "पटकन आटप, मग पाणीपुरी." पोरीने अगदी तेच केलं!

तीन आठवड्यांनी सकाळी, खाऊन आल्यावर, पुन्हा बोलावलं. तीच चाचणी इतक्या लवकर दिली तर सरावाने गुण फुगतात, म्हणून बिने-कामत घेतली. बुद्ध्यंक सरासरीत आला. अडचण वाचनात निघाली. दुसरी खेप पडली म्हणून आई चिडली होती. चिडू द्या, तेवढं झेपतं. अहवालात लिहिलं: 'पहिल्या बैठकीतील गुण क्षमतेचे निदर्शक मानू नयेत', आणि कारण म्हणून संचवार गुण दिले.

आता माझ्या कागदावर पेन्सिलीने आखलेला एक जादा रकाना असतो, 'बोट'. त्याआधीच्या फायलींत फक्त टिका आणि फुल्या आहेत, आणि त्यांतले काही अहवाल शाळांत पोचलेसुद्धा आहेत.