बिडकीनच्या माळावरून गरम हवेचा फुगा उडवताना: आदल्या दुपारपासूनची तयारी

आदल्या दिवशी दुपारी आधी काटा काढा आणि माणसं वजन करून घ्या. अंदाजाने सांगितलेलं वजन वहीत लिहू नका. फुगा किती उचलणार हे बर्नरच्या ताकदीपेक्षा बाहेरच्या हवेवर जास्त ठरतं. गरम हवा पसरते, त्यामुळे तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी भरतं आणि भोवतालची जड हवा फुग्याला वर ढकलते. विहिरीत बुडवलेली रिकामी घागर जशी वर उसळते, तसंच हे आहे.

आपल्याकडे तीन हजार घनमीटरचा फुगा आहे असं धरू. बिडकीनचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. जानेवारीच्या पहाटे 13 अंश तापमानाला इथली एक घनमीटर हवा सुमारे 1.155 किलो भरते. आतली हवा 90 अंशांपर्यंत तापवली की तेवढीच हवा 0.91 किलो. हा फरक तीन हजाराने गुणला तर 735 किलोच्या आसपास उचल मिळते. त्यातून कापड, बास्केट, बर्नर आणि भरलेल्या गॅसच्या टाक्या मिळून 370 किलो आणि पायलटचे 80 वजा करा. उरलेल्या 285 किलोंत चार माणसं बसतात. हाच हिशेब मे महिन्यातल्या 28 अंशांच्या पहाटे केला, तर उचल 560 किलोंवर येते आणि एकच पाहुणा नेता येतो. आत अजून तापवून ही तूट भरून काढू असं वाटेल, पण 100 अंशांच्या वर कापडाचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून उन्हाळ्यात माणसं कमी करायची, आच वाढवायची नाही.

संध्याकाळी नकाशा पसरा. चिकलठाणा विमानतळ फार लांब नाही, तेव्हा हवाई नियंत्रणाची परवानगी हातात हवी. मग माळापासून पश्चिमेला आणि नैऋत्येला जेवढी रिकामी रानं आहेत, त्यांवर खुणा करा. नैऋत्येला काही अंतरावर नाथसागराचं पाणी आहे, तिकडे लाल रेघ ओढा. जानेवारीत शाळू उभा असतो, ऊस असतो, तिथे उतरायचं नाही. कापूस उपटलेलं रान किंवा पडीक माळ बघा. प्रत्येक डीपी आणि तिथून निघालेल्या तारा नकाशावर उतरवा, कारण शेतपंपांच्या तारा पहाटेच्या धूसर उजेडात वरून दिसत नाहीत. आधी खांब दिसतात, म्हणून खांबांची ओळ शोधायची सवय लावा.

पहाटे साडेपाचला माळावर पोहोचलात की फुगा उलगडू नका. आधी वारा वाचा, कारण सुकाणू तोच आहे. फुग्याला पंखा नाही, वल्हं नाही. तो ज्या हवेत असेल, ती जाईल तिकडे आणि त्याच वेगाने जातो. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं आहे. पण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेचा असतो, आणि आपली सगळी दिशा त्यातून काढायची असते.

रात्रभर जमीन गार झालेली असते. तिच्या लगतची हवा जड होऊन खाली बसते आणि सावकाश सरकते. त्याच्या वर जमिनीच्या घर्षणातून सुटलेला वारा जोरात वाहतो, आणि उत्तर गोलार्धात तो बहुतेकदा उजवीकडे वळलेला असतो. वस्तीवरच्या चुलीचा धूर बघा. तो सरळ वर चढतो आणि एका उंचीवर कापल्यासारखा आडवा होतो. हाच दोन थरांमधला सांधा. त्याची खात्री करायला हेलियमचा लहान फुगा सोडा. आम्ही त्याला पायबॉल म्हणतो. हातात होकायंत्र धरून, तो ठिपका होईपर्यंत नजर हटवू नका आणि दर मिनिटाला दिशा मोठ्याने सांगा, दुसऱ्याने ती लिहायची.

समजा, पायबॉल शंभर मीटरपर्यंत नैऋत्येला गेला, ताशी आठ किलोमीटरने. दोनशेच्या वर तो पश्चिमेला वळला, ताशी वीसने. आता उतरायच्या रानापासून उलटं मोजत या. उतरताना खालच्या थरातूनच जावं लागणार, म्हणून शेवटचा अर्धा तास त्याच्यासाठी राखा. त्यात चार किलोमीटर नैऋत्येला जाणं होईल, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला आणि तेवढंच दक्षिणेला. त्याआधी वीस मिनिटं वरच्या थरात राहिलात तर पावणेसात किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला जाल. तेव्हा माळापासून साडेनऊ किलोमीटर पश्चिमेला आणि पावणेतीन दक्षिणेला असलेलं रान आपलं. रान डावीकडे राहिलं तर खाली या, उजवीकडे राहिलं तर वर जा. खालच्या थरात जास्त रेंगाळलात तर लाल रेघ जवळ येईल, एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं सूर्य वर येईपर्यंतच चालतं. काळी जमीन तापली की दोन्ही थर एकमेकांत मिसळतात, वरचा वारा खाली उतरतो आणि ताशी आठचे वीस होतात. जानेवारीत सव्वासातला उडालात तर साडेआठच्या आत जमिनीवर या. धूर आडवा पसरायचा थांबून हेलकावे खायला लागला की वेळ संपत आली. घारी पंख न हलवता गोल फिरताना दिसल्या तर उशीर झालेला आहे.

आता बर्नर. फुगा हलका दिसतो, पण आतली हवा, कापड, माणसं सगळं धरून जवळजवळ साडेतीन टन वस्तुमान हलवायचं असतं. आत्ता फुंकलेली आच लगेच लागू पडत नाही, पाच-दहा सेकंद जातात. नवा पायलट फुगा खाली जाताना दिसला की आच देतो, काही होत नाही म्हणून अजून देतो, मग फुगा हव्या त्या थराला ओलांडून वर निघून जातो. त्यामुळे छोटी आच द्या, थांबा, चढउताराचा काटा बघा. थर सोडायच्या आधी आच द्या, सोडल्यावर नको. दुसऱ्या थरात शिरताना गालावर वाऱ्याची झुळूक लागते. एरवी बास्केटमध्ये वारा लागतच नाही, कारण आपण त्याच्याबरोबरच चाललेलो असतो. पटकन खाली यायचं तर माथ्यावरची झडप उघडणारा दोर ओढायचा आणि सोडायचा. काही फुग्यांना बाजूलाही झडपा असतात, त्यांनी फुगा स्वतःभोवती फिरतो, पण मार्ग बदलत नाही.

उतरायच्या आधी पाहुण्यांना पाठ प्रवासाच्या दिशेला करून, गुडघे किंचित वाकवून, आतल्या कड्या धरून उभं करा. तारा असतील तर त्यांच्यावरून जा, आणि त्या मागे पडल्याशिवाय झडपेच्या दोराला हात लावू नका. टेकल्यावर कोणी बाहेर उडी मारायची नाही. एक माणूस उतरला की फुगा हलका होऊन पुन्हा उचलतो.

कापड आडवं झालं की धसकटांवरून ओढू नका, उचलून गुंडाळा. जीप बांधावरच थांबवा. आधी रानाचे मालक येऊ द्या. "काका, रानात उतरलो, काही तुडवलं असेल तर सांगा," असं म्हणा. ते कुठून गाडी आणायची ते दाखवतील, तिथूनच आणा. रान नुकतंच भिजवलेलं असेल तर गाडी आत घालूच नका, बास्केट सहा जणांनी उचलून बांधापर्यंत न्या.