अंगठा फिरला की बदललेला मोबाईल स्क्रीन थरथरतो: माझा अनुभव

शूट केलेल्या व्हिडिओतल्या मोबाईलवर मी नंतर वेगळं ग्राफिक स्क्रीन म्हणून बसवत होतो. लक्षण असं: मोबाईल स्थिर असेपर्यंत बसवलेला स्क्रीन घट्ट, पण अंगठा स्वाइप करू लागला की तो अंगठ्याबरोबर सरकतो. ट्रॅकिंगसाठी फोनच्या स्क्रीनवर ठेवलेल्या खुणा, म्हणजे मार्कर, वाढवून पाहिले, मग चारही कोपरे पॉइंट ट्रॅक केले; अंगठ्याने मार्कर झाकला की ट्रॅक सुटायचाच. पूर्ण ब्राइटनेसच्या हिरव्या स्क्रीनने तर बोटंही हिरवी झाली. डोकं उठलं.

शेवटी हे जमलं. शूटच्या वेळी फोनवर गडद राखाडी चित्र, त्यावर किंचित उजळ अधिकचिन्हं, अंगठ्याच्या वाटेबाहेर. ऑटो ब्राइटनेस बंद. नंतर मोका या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी अंगठ्याभोवती मास्क आखून तो ट्रॅक केला आणि तो लेयर सर्वांत वर ठेवला. वरच्या लेयरचा भाग खालचा ट्रॅक वगळतो, सगळी गंमत इथेच आहे. मग खाली फोनचा लेयर, Perspective चालू करून ट्रॅक. सरफेसचे कोपरे स्क्रीनच्या कडांना लावले, ग्रिड घसरत नाही ना ते पाहिलं आणि ग्राफिकचे चारही कोपरे त्या जागी बसवणारी कॉर्नर पिन घेतली.

ग्राफिकवर मूळ शॉट Screen मोडमध्ये ठेवला की काचेवरची खरी प्रतिबिंबं परत येतात. मार्कर मात्र आधी पुसायचे. सर्वांत वर अंगठ्याचा कटआउट. अंधाऱ्या दृश्यात राखाडी स्क्रीनचा उजेड चेहऱ्यावर पडत नाही, तिथे वेगळा दिवा लागतोच.