प्लॅनिंग मीटिंगच्या मिनिट्समध्ये तीन आकडे वेगळे लिहायला लागलो तेव्हा

चाकणच्या आमच्या ब्रॅकेट प्लांटमध्ये मिनिट्समध्ये एकच ओळ असायची: 'पुढचा महिना, ३१,००० नग, मंजूर.' महिनाअखेरीस सेल्स म्हणायचं, तुम्ही कबूल केलं होतं; प्रॉडक्शन म्हणायचं, तो तुमचा अंदाज होता. दोघांचंही खरं, कारण मागणी आणि प्लॅन यांना आकडा एकच!

मग मी मागणी आधी जशीच्या तशी लिहायला लागलो, क्षमतेकडे न बघता. ३१,०००. त्याखाली क्षमता, हिशोबासकट. आमची अडचण वेल्डिंग सेलची: ४० सेकंदांना एक नग, म्हणजे तासाला ९०. दोन शिफ्टचे १५ तास, २५ दिवस, प्रत्यक्ष कार्यक्षमता ८० टक्के धरून २७,०००. ८० टक्क्यांवर वाद झालाच, पण तो मीटिंगमध्ये झाला, हे बरं.

४,००० ची तूट कशी भरायची, ते तिसऱ्या भागात. सेफ्टी स्टॉकच्या वरचे १,५०० नग द्यायचे, दोन गुरुवारच्या सुट्ट्यांत काम करून २,१६० काढायचे. उरलेले ३४० पुढच्या महिन्यात. ग्राहकाला सेल्सनं या शुक्रवारपर्यंत कळवायचं. ओव्हरटाइमला मंजुरी प्लांट हेडची, नावानिशी. म्हणजे ठरलेलं उत्पादन २९,१६० आणि पुरवठा ३०,६६०. हे दोन आकडेही वेगळेच लिहायचे, नाहीतर स्टोअरवाले गोंधळतात.

प्लॅन कशावर उभा आहे तेही एका ओळीत टाकतो. त्या वेळी ते होतं, 'नवा फिक्स्चर १० तारखेला येईल.' ११ ला तो आला नव्हता, तेव्हा महिनाअखेरीची वाट न बघता प्लॅन त्याच दिवशी पुन्हा उघडला.