कीटोन तपासताना या चुका टाळा

डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचतात. लघवीच्या पट्टीवर त्यांचा एक प्लस दिसला की घरचे निवांत होतात आणि तीन प्लस दिसले की घाबरतात. नाशिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करताना मी दोन्ही उलट झालेलं पाहिलंय. एक प्लसवाला आयसीयूत जातो आणि तीन प्लसवाला बरा होत असतो. पट्टी खोटं बोलत नाही, पण आपण तिला भलताच प्रश्न विचारत असतो.

चूक पहिली: शुगर बरी आहे, मग कीटोन कशाला बघायचे?

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नवरात्राचे दिवस होते. दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय पन्नाशीच्या पुढे. डायबेटिस टाइप २. डापाग्लिफ्लोझिनची गोळी आणि रात्री इन्सुलिन. नऊ दिवसांचा उपास धरलेला, त्यात बागेत छाटणी सुरू आणि मधल्या एका दिवशी पायी गडावर जाऊन आले. खाणं कमी म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने निम्म्यावर आणलं. गोळी मात्र चालूच.

सातव्या माळेला मळमळ आणि दोन उलट्या. घरात निदान झालं, पित्त. कोकम सरबत, पित्ताची गोळी, झोप. मुलाने शुगर तपासली, १८६. पुतण्या जरा हुशार, त्याने मेडिकलमधून लघवीच्या पट्ट्या आणल्या. कीटोन एक प्लस. "उपासाचे असतील," म्हणून बाटली कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका धापा टाकत होते, बोलता बोलता डोळे मिटत होते. दवाखान्यात बोटातून रक्ताचे कीटोन काढले तर ५.४. रक्ताचा पीएच ७.१४, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेलं. शुगर तेव्हाही २१० च होती.

ग्लिफ्लोझिन नावाने संपणाऱ्या गोळ्या (डापा, एम्पा, काना) साखर लघवीतून बाहेर काढतात. म्हणून मीटरवरचा आकडा छान दिसतो. पण शरीरात इन्सुलिन कमी आणि पोटात अन्न नाही, तेव्हा चरबी जळत राहते आणि कीटोन साचत जातात. शुगर २०० च्या खाली असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. या गोळ्या घेणाऱ्याला उलटी, पोटदुखी किंवा धाप लागली तर शुगरचा आकडा बाजूला ठेवा आणि कीटोन बघा. उलट्या सुरू असताना किंवा खाणं बंद असताना ही गोळी थांबवायची असते, आणि कडक उपास धरायचा असेल तर डॉक्टरांना आधी विचारायचं. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. आणि गोळी थांबवली की त्याच दिवशी धोका टळला असं नाही, तिचा परिणाम काही दिवस रेंगाळतो.

चूक दुसरी: लघवीची पट्टी आणि रक्ताचं मशीन एकच समजणं

पुतण्याची पट्टी एक प्लस का म्हणाली? शरीरात दोन मुख्य कीटोन असतात, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि अॅसिटोअॅसिटेट. रक्ताचं मशीन पहिला मोजतं. लघवीची पट्टी फक्त दुसरा ओळखते. तब्येत बिघडत जाते तसा पहिला झपाट्याने वाढतो, दुसऱ्याच्या तिप्पट, कधी त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे नेमका ज्याने जीव धोक्यात येतो तो पट्टीला दिसतच नाही. शिवाय लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असते, त्यामुळे पट्टी मागची खबर देते. ग्लिफ्लोझिनमुळे काही कीटोन मूत्रपिंडातून परत रक्तात जातात, म्हणून लघवीत आणखी कमी दिसतात.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग. काकांना सलाइन, इन्सुलिनचा पंप आणि सोबत ग्लुकोजची ड्रिप लागली. "शुगरच्या पेशंटला ग्लुकोज?" यावरून आधीच वाद झालेला. (कीटोन थांबवायला इन्सुलिन हवंच, आणि शुगर मुळात कमी असल्याने इन्सुलिन चालू ठेवायला ग्लुकोज द्यावंच लागतं.) संध्याकाळी पुतण्याने हट्टाने पुन्हा लघवी तपासली, तर तीन प्लस! मग सिस्टरवर आरडाओरडा, दुसरीकडे हलवायची भाषा. त्याच वेळी रक्ताचे कीटोन ५.४ वरून १.८ वर आले होते. उपचार लागू पडले की पहिला कीटोन दुसऱ्यात बदलतो, आणि पट्टीला तोच दुसरा दिसतो. पेशंट सुधारतो आणि पट्टी गडद होते. म्हणून उपचार चालू असताना मी लघवीची पट्टी बघतच नाही. रक्ताचा आकडा तासाला साधारण ०.५ ने उतरतोय का, एवढंच विचारते.

चूक तिसरी: ३.४ म्हणजे थोडेसेच

शुगर आपण शेकड्यात वाचतो, त्यामुळे ३.४ बघून लोक सुटकेचा श्वास टाकतात. कीटोनचं एकक वेगळं, मिलीमोल. इथे ३ म्हणजे मोठा आकडा.

०.६ च्या खाली ठीक. ०.६ ते १.५ असेल तर पाणी पीत राहा, डॉक्टरांनी आजारपणासाठी सांगितलेलं इन्सुलिन घ्या आणि दोन तासांत परत तपासा. १.५ ते ३ म्हणजे आत्ताच डॉक्टरांना फोन, "सकाळी बघू" नाही. ३ किंवा जास्त असेल तर थेट आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्ये, स्वतः गाडी चालवत नाही. रक्ताचं मशीन नसेल तर लघवीत दोन प्लस आणि वर हे मी ३ सारखंच धरते. डायबेटिस नसलेल्या माणसाला उपासात थोडे कीटोन येतात, त्याने घाबरू नये.

आणि आकडा कितीही असो, पोटात पाणी ठरत नसेल, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, पोट दुखत असेल, गुंगी येत असेल तर १०८ लावा. गरोदर बाई आणि टाइप १ चं लहान मूल यांच्यात मी आणखी लवकर पळवते.

बारीकसारीक, पण रोजच्या

शुगरची पट्टी घालून कीटोन येत नाहीत. मशीन दोन्ही मोजणारं असलं तरी कीटोनची पट्टी वेगळी, प्रत्येक स्वतंत्र पाकिटात बंद, आणि महाग. महाग म्हणून ती एक्स्पायरी उलटेपर्यंत जपून ठेवणारे भरपूर. माझ्या ओळखीच्या टाइप १ च्या घरांत मी दोन-चार पट्ट्या तारीख बघून ठेवायला लावते, बाकी रोज तपासत बसायची गरज नाही.

लघवीच्या पट्टीची बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. ओल लागली की ती निकामी होते, पावसाळ्यात तर लवकर. बाथरूममध्ये ठेवायची नाही. रंग पाकिटावर लिहिलेल्या सेकंदालाच वाचायचा, बऱ्याच पट्ट्यांत कीटोनसाठी १५ सेकंद. चहा ठेवून येऊन बघितलं तर रंग गडद दिसतो, त्याला अर्थ नाही. व्हिटॅमिन सी चा मोठा डोस चालू असेल तर उलट, रंग फिका येऊ शकतो.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य "उलट्या होताहेत" हे नको. "डायबेटिस आहे, ग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे, कीटोन इतके आले" असं सांगा आणि गोळीची स्ट्रिप दाखवा. शुगर १८६ बघून समोरच्याला पित्तच वाटू शकतं. रक्ताचे कीटोन आणि एबीजी, म्हणजे रक्ताचा पीएच दाखवणारी तपासणी, करायला सांगा. काकांच्या मुलाने आदल्या रात्रीच दवाखान्यात नेऊन हे केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.