किंमत चाचणीत ‘फरक दिसला नाही’ म्हणून दर वाढवताय? या चुका टाळा

समजा, नागपूरच्या धरमपेठेतून चालणाऱ्या एका ऑनलाइन टेस्ट सिरीजनं किमतीच्या पानावर निम्म्या लोकांना ४९९ रुपये दाखवले, निम्म्यांना ५९९. दोन्हीकडे २,००० जण आले. ४९९ ला ८० जणांनी घेतली, म्हणजे ४ टक्के. ५९९ ला ६६ जणांनी, म्हणजे ३.३ टक्के. कॅल्क्युलेटरनं पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता, दिली ०.२४; ती ०.०५ च्या खाली असली तरच सहसा फरक खरा मानतात. मग ठरलं, ‘फरक नाही, वाढवा दर.’

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ०.२४ चा अर्थ ‘दोन्ही सारखे’ असा होत नाही, ‘या आकड्यांवरून सांगता येत नाही’ एवढाच होतो. ९५ टक्के विश्वास-पट्टा, म्हणजे खरा फरक ज्या हद्दीत असू शकतो तो पल्ला, काढून बघा: खरी घसरण १.९ टक्के-बिंदूंपर्यंत असू शकते, किंवा उलट विक्री अर्धा बिंदू वाढलेलीही असू शकते.

दुसरी चूक म्हणजे प्रश्नच चुकीचा विचारणं. दर वाढला की घेणारे थोडे घटणारच. किती घटले तर चालेल, हे आधी काढा. ४ ला ४९९ नं गुणून ५९९ नं भागलं की ३.३३ येतात. म्हणजे ३.३३ टक्क्यांच्या खाली गेलात तर गल्ला घटला. आपले ३.३ अगदी त्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून पानावर आलेल्या दर माणशी जमा १९.९६ आणि १९.७७ रुपये, जवळपास सारखीच. इथंही पट्टा मोठा आहे: माणशी साडेसहा रुपये तोट्यापासून सहा रुपये फायद्यापर्यंत.

त्यात छापील पुस्तिका आणि कुरिअरचे प्रत्येक ऑर्डरमागे १५० रुपये जात असतील तर उंबरठा ३.११ वर येतो आणि ५९९ चं पारडं थोडं जड होतं. जीएसटी किंवा गेटवेचं टक्केवारीतलं कमिशन मात्र दोन्ही दरांना सारख्याच प्रमाणात लागतं, त्यानं उंबरठा हलत नाही.

४ वरून ३.३३ पर्यंतची घसरण ८० टक्के खात्रीनं पकडायची तर दर किमतीला साधारण १२,४०० माणसं लागतात. छोट्या साइटला ते परवडत नाही, तेव्हा ४९९ विरुद्ध ५९९ ऐवजी अंतर जास्त ठेवून बघणं बरं.

संख्या आधी ठरवली की रोज सकाळी आकडे उघडून ‘आज जिंकलं’ म्हणत चाचणी थांबवू नका. प्रत्यक्षात काहीच फरक नसताना दहा वेळा असं डोकावलात, तर खोटा निकाल लागण्याची शक्यता ५ ऐवजी सुमारे १९ टक्के होते.

एक आठवडा ४९९, पुढचा ५९९ हेही नको. दुसऱ्या आठवड्यात पोळा-मारबत आली, तर घट किमतीची की सणाची, कसं ओळखणार? दोन्ही दर एकाच वेळी चालवा. मोजणी माणसांची करा, भेटींची नाही. एकाच माणसाला मोबाईलवर ४९९ आणि लॅपटॉपवर ५९९ दिसलं तर तो स्वस्तातलंच घेतो आणि महागाची विक्री आहे त्याहून कमी दिसते. लॉगिनवर दर पक्का केला की हे बरंच टळतं.