“किती द्याल?” हा प्रश्न मी का काढून टाकला

मुलांच्या घरी जाऊन शिकवणी सुरू करण्याआधी मी पालकांना विचारलं होतं, “महिन्याला किती द्याल?” आकडे छान आले, पण नाव नोंदवताना बहुतेकांनी हात आखडता घेतला. नुसतं सांगायला कुणाचे पैसे जात नाहीत ना!

मग प्रश्न बदलला: “गेल्या महिन्यात शाळेच्या फीशिवाय अभ्यासावर किती खर्च झाला? शिकवणी लावली तर त्यातलं काय बंद कराल?” पुढे पालकांचे गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळी, पण एकच ठरलेली फी दाखवली: “आठवड्याला 2 तास, या फीत सोमवारपासून सुरू करू?” “हो” आलं की लगेच पहिल्या तासाचे पैसे आगाऊ मागितले.

एका आईने “हो” लिहिलं आणि पैसे भरताना म्हणाली, “ह्यांना विचारून सांगते.” तेव्हापासून पहिला प्रश्न असतो: “घरात फीचं कोण ठरवतं?”