‘क्लेमचे पैसे कमी आले’ असं लिहू नका

विमा कंपनीला ‘दोन महिने झाले, पूर्ण पैसे मिळाले नाहीत, कृपया लवकर बघा’ असा मेल गेला की ठरलेलं उत्तर येतं: ‘आपला क्लेम सेटल झाला आहे.’ त्यांच्या दृष्टीने ते खोटंही नसतं. म्हणून आधी सेटलमेंट लेटर आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवा. कंपनीने कापलेली रक्कम वेगळी आणि मंजूर होऊनही खात्यात न आलेली वेगळी. दोन्ही एकाच मेलमध्ये कालवल्या, की उत्तर फक्त कपातीचं मिळतं.

समजा, कोथरूडच्या एका रुग्णालयाचं बिल १,१८,४०० रुपये. कपात १२,४००, मंजूर १,०६,०००, जमा ८४,५००. मग मेल असा:

‘क्लेम क्रमांक अमुक. शेवटचं मागितलेलं कागदपत्र ४ मार्चला दिलं, पोच सोबत आहे. १८ मार्चच्या पत्रानुसार १,०६,००० रुपये मंजूर. २१ मार्चला खात्यात ८४,५०० जमा, बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक अमुक. मंजूर रकमेतले २१,५०० रुपये बाकी आहेत. ते कोणत्या तारखेला, कोणत्या यूटीआरने पाठवले, किंवा का रोखले, ते लेखी कळवावं.’

तारीख शेवटच्या कागदपत्राची लिहा, डिस्चार्जची नव्हे. उशिराचं व्याज मागायची वेळ आली तर ती उपयोगी पडते. कपातीबद्दलची तक्रार स्वतंत्र मेलने करा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून महिनाभरात उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.